दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

"दोन्ही नळ्या बंद आहेत" असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं नाही, झोप आली. लोकांना वाटतं, अशा वेळी बाई कोसळते, भिंतीला धरून बसते. मी बसच्या खिडकीला डोकं टेकवून जी झोपले ती आपला थांबा मागे गेल्यावरच उठले. शेजारी नवऱ्याचाही डोळा लागला होता. दोघं तेवढं अंतर मागे चालत आलो. वाटेत तो फक्त एकदा म्हणाला, "पिशवी दे, मी धरतो," आणि मी दिली.

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात चेकर आहे. शिवून झालेला शर्ट माझ्या टेबलावर येतो, मी तो उलटासुलटा करते, शिवण ताणून बघते, काजं मोजते आणि तीनपैकी एका ढिगात टाकते: पास, आल्टर, रिजेक्ट. आल्टर म्हणजे उसवून परत शिवता येईल असा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या म्हटल्यावर स्वभाव गोड राहत नाही. सासूबाई म्हणतात, हिला जेवायला वाढलं तरी आधी ताटाची शिवण बघेल. सासूबाईंची जीभ माझ्याहून धारदार आहे, म्हणून आमचं बरं चालतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कोण कुठे अडकलं की याचा फोन वाजतो. माणूस सरळ आहे. मूल होत नाही म्हटल्यावर आधी माझी तपासणी करा असं त्याने म्हटलं नाही, स्वतःची केली. ती ठीक निघाली. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्याही ठीक निघाल्या. सगळं ठीक आणि पाळणा मात्र हलेना, तेव्हा डॉक्टरांनी नळ्यांची तपासणी सांगितली.

ती पहिली तपासणी एका खाजगी सेंटरला झाली. तिथे रांग होती आणि सगळ्यांना घाई होती. समजावलं एवढंच की, गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना एकेक बारीक नळी असते, बीज त्या वाटेने येतं, मूल धरायची सुरुवातही त्या वाटेतच होते. ती वाट मोकळी आहे का हे बाहेरून कळत नाही. म्हणून खालून गर्भाशयात डाय, म्हणजे एक्स-रेत पांढरं उमटणारं औषध, सोडायचा आणि तो कुठवर जातो ते एक्स-रेवर बघायचं. दुखेल का, असं मी विचारलं. "थोडं, पाळीसारखं," असं उत्तर आलं. आधी घ्यायची एक वेदनाशामक गोळी दिली होती. ती मी घेतली नाही. आमच्या घरात गोळी दुखल्यावर घ्यायची पद्धत आहे. दुखायच्या आधी गोळी म्हणजे भूक लागायच्या आधी जेवण. मी ती रुमालाच्या टोकाला बांधून ठेवली.

दुखलं. आत थंड लोखंड, मग ओल्या कापसाने पुसणं, मग एक चिमटा आणि मग बारीक नळी. इथवर मी दात आवळून होते. डाय सोडला आणि ओटीपोटात असा पिळा पडला, जणू कोणी आतून ओलं धुणं पिळतंय. मी टेबलाची कड धरली, मांड्या आवळल्या, श्वास कोंडून धरला. "हलू नका," कोणी तरी म्हणालं. "जातच नाहीये पुढे," दुसरं कोणी तरी म्हणालं. परत ढकललं, परत पिळा. मग एकदम संपलं. काळ्या फोटोत मधोमध एक पांढरा त्रिकोण होता आणि त्याच्या दोन्ही शिंगांपुढे काहीच नव्हतं. रिपोर्टात आलं: दोन्ही नळ्या मुळाशी बंद.

रिजेक्ट, मी मनात म्हटलं. काम सोपं झालं.

आणि खरंच सोपं झालं, हे कोणाला सांगायची सोय नाही. त्याआधी कित्येक वर्षं आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर आमच्या डोक्यावर बसलं होतं. अमुक दिवस, तमुक दिवस. आज थकलोय म्हणायची चोरी. भांडण झालं असलं तरी आजचा दिवस वाया घालवायचा नाही. नवरा कामावरून आला की मी जेवण गरम करता करता सांगायची, "आज आहे," आणि तो मान हलवायचा. त्याच्या चेहऱ्यावर ओव्हरटाइम लागल्यासारखं दिसायचं. माझ्याही चेहऱ्यावर तसंच दिसत असणार.

दोन्ही बंद म्हटल्यावर कॅलेंडर नुसतं कॅलेंडर झालं. पहिले काही आठवडे आम्ही एकमेकांना आजाऱ्यासारखं जपलं. मग एका रविवारी दुपारी, सासूबाई त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या तेव्हा, तो काहीतरी बोलून हसला, मी हसले, आणि कशासाठी म्हणून नाही, असेच आम्ही जवळ आलो. नंतर तो म्हणाला, "आपण नवराबायको आहोत हे विसरूनच गेलो होतो." मला त्या महिन्यांत बरं वाटत होतं. दुःख होतं, पण त्याला एक जागा मिळाली होती, कपाटातल्या वरच्या फळीसारखी. रोज हात लागत नव्हता.

पण सासूबाई गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. "बंद तर बंद, दुसरी वाट असेल की," त्या म्हणाल्या. "आजकाल बाहेर करून आत ठेवतात म्हणे. जाऊन विचारायला काय जातं?"

म्हणून आम्ही मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिथे भिंतीला लागून बाकं, बाकांवर माझ्यासारख्या बायका, प्रत्येकीच्या मांडीवर फुगलेली फाईल. डॉक्टरीणबाई उंच, आवाज बसका, डोळ्यांखाली काळं. त्याही आमच्याइतक्याच दमलेल्या दिसत होत्या, त्यामुळे मला बऱ्या वाटल्या. त्यांनी जुना फोटो दिव्यावर धरला आणि बराच वेळ बघितला.

"यावरून मी काही ठरवणार नाही," त्या म्हणाल्या. "तपासणीच्या वेळी खूप दुखलं का?"

"हो."

"गोळी घेतली होती?"

मी नवऱ्याकडे बघितलं. "ठेवली होती," मी म्हटलं. "दुखल्यावर घेणार होते."

त्यांना हसू आलं नाही. "नळी म्हणजे रबरी पाईप नाही. तिला स्नायू असतात. माणूस घाबरला, दुखलं, की नळीचं मूळ आवळून बसतं आणि फोटोत बंद असल्यासारखंच दिसतं. तुमच्या नळ्या खरंच बंद असतील किंवा नुसत्या आवळल्या असतील. हा फोटो तेवढं सांगू शकत नाही."

नवऱ्याने विचारलं, "मग जोर देऊन डाय सोडला तर?"

"जोर दिला तर आणखी आवळेल. सावकाश सोडायचा." मग त्यांनी एकेक सांगितलं. तपासणी परत करू. परत मुळाशीच अडलं तर त्याच वाटेने बारीक तार घालून मोकळं होतंय का बघता येतं, किंवा भूल देऊन, पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीतून आत बघता येतं. तेही जमलं नाही तर बीज पोटातून काढून बाहेर फळवतात आणि थेट गर्भाशयात ठेवतात, तिथे नळ्यांचं कामच पडत नाही. "पण ते मोठं काम आहे. आधी अडचण आहे की नाही ते तरी नक्की करू."

बाहेर आल्यावर मला राग आला. डॉक्टरीणबाईंचा नाही, त्या खरं बोलल्या. मला राग आला तो याचा, की जे मी एकदाचं फळीवर ठेवलं होतं ते परत खाली काढायला लावलं. रिजेक्टच्या ढिगातला शर्ट कोणी उचलून माझ्या टेबलावर टाकला की मला असाच राग येतो.

पाळी आली. पाळी संपल्यावर लगेचची वेळ मिळाली, कारण ही तपासणी त्याच दिवसांत करतात. फोनवरच्या बाईंनी सांगितलं, "पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. गोळी तासभर आधी घ्या. आयोडीनची अॅलर्जी आहे का? सोबत माणूस आणा." मी हो हो म्हटलं. पहिल्या वेळीही हे सांगितलं होतं आणि तेव्हा आम्ही काटेकोर पाळलं होतं. या वेळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आपल्याला ते कशाला लागू? दोन्ही बंदच आहेत ना." आणि मलाही ते पटलं. तपासणी होती ती नळ्या बंद आहेत का हे बघायला, आणि आम्ही त्या बंदच आहेत असं धरून चाललो होतो. हे तेव्हा लक्षात आलं नाही. अशी चूक आमच्यासारख्यांनीच करावी.

खरं कारण वेगळंही होतं. तपासणीची तारीख ठरली आणि आम्हाला दोघांनाही आतून भीती वाटली की आता परत कॅलेंडर सुरू होणार. तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सासूबाई भाजी आणायला गेल्या आणि आम्ही शाळा बुडवणाऱ्या पोरांसारखे वागलो. नंतर मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून निवांत पडले होते. असं निवांत मला फार वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोळी वेळेवर घेतली. अर्ध्या दिवसाची रजा सुपरवायझरने नाक मुरडत दिली. तपासणीच्या खोलीबाहेर सिस्टर बसल्या होत्या, जाड, प्रेमळ, जांभया देणाऱ्या.

"पाळी कधी आली? अॅलर्जी? ताप, अंगावरून घाण जातेय का? पाळीपासून आजवर संबंध आला?"

"नाही," मी म्हटलं.

ते तोंडातून इतकं सहज गेलं की मलाच नवल वाटलं. काय सांगणार? मागे तीन बायका उभ्या होत्या. रजा गेली होती, गोळी पोटात होती, नवरा पायऱ्यांवर बसला होता. शिवाय बंद नळ्यांच्या बाईला हा प्रश्न म्हणजे ज्याच्या घरात चूल नाही त्याला सिलिंडर बंद केला का विचारण्यासारखं. सिस्टरनी टिक केली आणि गाऊन दिला.

आतली खोली गार होती. टेबल, वर मोठं यंत्र, बाजूला पडदा. एक्स-रे काढणारी बाई ठेंगणी होती आणि तिने अंगावर शिशाचा जड एप्रन घातला होता. तिने माझ्या पाठीखाली उशी सरकवली, पायांवर चादर टाकली आणि टेबल सरळ करता करता म्हणाली, "पाळीपासून आजवर संबंध आला नाही ना?"

"बाहेर सांगितलं."

"बाहेरचं बाहेर. आमच्याकडे दोघींनी विचारायची पद्धत आहे." ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरची खूण बघत होती. "बाहेर माणसं असतात, बायका लाजतात. इथे आपण दोघीच."

मी छताकडे बघितलं. नाही म्हणणं सोपं होतं. एकदा म्हटलं होतंच. पण आडवं पडून, पाय उघडे टाकून, त्या बाईच्या थकल्या आवाजात तो प्रश्न ऐकला आणि मला कळलं की ती खरं काय विचारतेय. तुझ्या पोटात आत्ता कोणी असू शकतं का? असेल तर हा डाय आणि हे किरण त्याच्यावर जातील. इतक्या वर्षांत मला हे असं कोणी विचारलंच नव्हतं. आणि मी हो म्हटलं तर त्याचा अर्थ असा, की मला वाटतंय असू शकतं. मी ती आशा फळीवर ठेवली नव्हतीच. ती माझ्याच पोटाशी होती आणि मी तिच्यावर पदर ओढून बसले होते. मला स्वतःची लाज वाटली आणि रडू आलं.

"काल," मी म्हटलं. "काल आला."

ती थांबली. ओरडली नाही. "बरं," ती म्हणाली आणि यंत्राचा हात मागे सारला. "उठा सावकाश."

"लघवीची तपासणी करून बघा ना. आत्ता लगेच."

"कालचं आज त्यात दिसत नाही, ताई. दोन आठवड्यांनी दिसतं."

"पण माझ्या दोन्ही बंद आहेत. रिपोर्टात लिहिलंय."

"बंद आहेत हे पक्कं असतं तर तुम्हाला इथे कशाला आणलं असतं?" ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर चादर टाकली.

डॉक्टरीणबाई आल्या, ऐकलं, मान हलवली. पुढच्या पाळीनंतर या म्हणाल्या. पाळी आली नाही तर आधी फोन करा. मी कपडे घालून बाहेर आले तेव्हा नवरा उठून उभा राहिला. "एवढ्यात झालं?"

"झालं नाही," मी म्हटलं आणि का ते सांगितलं. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला. पायऱ्यांवर आजूबाजूला माणसं होती, म्हणून तो एवढंच म्हणाला, "तू सांगितलंस?"

"मग काय करू?"

"नाही, बरं केलंस," तो म्हणाला. मग स्कूटरजवळ पोचल्यावर म्हणाला, "मीच म्हटलं होतं, आपल्याला लागू नाही. माझीच अक्कल."

घरी सासूबाईंना सांगितलं की मशीन बंद होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मशीनला पण सुटी लागते." त्यांना काय कळलं आणि काय नाही ते मी विचारलं नाही.

तो महिना मी कसा काढला ते सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलं नाही. मी शर्ट तपासले. पण छाती जड वाटली की वाटायचं, हे ते तर नाही? कारखान्यात तेलाचा वास आला आणि मळमळलं तर मी संडासात जाऊन पाच मिनिटं उभी राहायची. मग स्वतःलाच शिव्या द्यायची, की बाई, तुझ्या नळ्या बंद आहेत, तू काय गुडघ्याला बाशिंग बांधून बसलीयस. नवरा काही विचारायचा नाही, फक्त जड बादली माझ्या हातून काढून घ्यायचा. मी म्हणायची, "असू दे," तो म्हणायचा, "असू दे काय." दोघंही वेडे, आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होतो.

पाळी आली ती कारखान्यातल्या टेबलापाशी, एका निळ्या शर्टाची कॉलर बघत असताना. एक दिवस उशिरा. त्या एका दिवसात मी काय काय ठरवून टाकलं होतं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "फोन कर, वेळ घे." तो "हं" म्हणाला आणि बूट घालून बाहेर गेला. लिफ्टचा फोन आला नव्हता. बऱ्याच वेळाने परत आला.

या वेळी आम्ही काहीही चुकवलं नाही. बाहेर सिस्टरनी विचारलं, नाही. आत ठेंगणीने विचारलं, नाही. "नक्की?" "नक्की." तिने माझा चेहरा बघितला आणि पुढे विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई हळू बोलत होत्या आणि करण्याआधी प्रत्येक गोष्ट सांगत होत्या. आता गार लागेल. आता पुसते. आता थोडं टोचेल. आता आत नळी जातेय, पाळीसारखी कळ येईल. कळ आली. "श्वास सोडा, कोंडू नका. तोंडाने सोडा. पाय सैल." ठेंगणीने माझा हात धरला नाही, पण तिचा जड एप्रन माझ्या कोपराला टेकला होता, तेवढंही पुरलं. डाय यायला लागला. पोटात दाब वाढला, ओटीपोट भरून आलं, कंबर तुटायला लागली. "थांबते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खरंच थांबल्या. पिळा ओसरला. परत थोडा सोडला, परत थांबल्या. गोळी घेऊनही दुखत होतं. दुखत नव्हतं असं मी कोणाला सांगणार नाही. पण मागच्यासारखं ते माझ्यावर बसलं नव्हतं.

"पडदा बघायचा आहे का?" त्यांनी विचारलं.

मी मान वळवली. तोच पांढरा त्रिकोण. डाव्या हाताच्या शिंगापुढे काही नव्हतं, उजव्या हाताच्याही नव्हतं. मी डोळे मिटणार होते, इतक्यात डाव्या हाताच्या शिंगातून एक दोरा निघाला. अगदी बारीक, वळणं घेत, कोणीतरी आतून शिवत असल्यासारखा पुढे सरकत गेला, टोकाला जरा रुंद झाला आणि मग त्या टोकातून पांढरं धुकं बाहेर पडलं आणि पसरलं.

"ही उजवी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडद्यावर उलट दिसतं. मोकळी आहे. ते बाहेर पडतंय ना, तेच बघायचं होतं."

त्या दोऱ्यावरून माझी नजर हलेना.

मग दुसऱ्या बाजूनेही भरलं. मुळाशी तीही उघडली, पण दोरा पुढे जाऊन फुगत गेला, टोकाशी गोल झाला, आणि तिथेच थांबला. धुकं आलं नाही. आणखी थोडा सोडला तर तो गोल नुसता मोठा झाला. मी चेकर आहे. हे पास नाही, एवढं मला कोणी सांगायला नको होतं.

नळी काढली, लोखंड काढलं. थोडं पडून राहायला सांगितलं. उजव्या खांद्यात विचित्र दुखत होतं. पोटात सांडलेल्या डायमुळे तसं होतं, जाईल म्हणाल्या. एक-दोन दिवस थोडं रक्त आणि चिकट पाणी जाईल, ताप आला किंवा पोट वाढतं दुखलं तर लगेच यायचं. मग खुर्ची ओढून बसल्या.

"मुळाशी बंद नव्हतं. मागच्या वेळी आवळलं होतं," त्या म्हणाल्या. "उजवी चांगली आहे. एका नळीनेही दिवस राहतात. डावी शेवटाला बंद आहे आणि तिच्यात पाणी साठलंय. जुना संसर्ग असेल, तुम्हाला कळलाही नसेल. ते पाणी उलट गर्भाशयात झिरपतं आणि धरलेलं टिकू देत नाही. बाहेर फळवून आत ठेवलं तरी ते आड येतं. म्हणून दुर्बिणीतून बघून ती नळी बहुतेक काढावी लागेल, नाही तर मुळाशी क्लिप लावून तिची वाट बंद करावी लागेल. मग उजवीवर काही महिने वाट बघायची की पुढचं करायचं, ते तुमचं वय धरून ठरवू. फुगलेली आहे म्हणून अँटिबायोटिक लिहून देते, चुकवू नका. आणि पुढे कधी दिवस राहिले तर लवकर सोनोग्राफी करायची, गर्भ नळीतच अडकलेला नाही ना ते बघायला."

"उजवी मागच्या महिन्यातही उघडीच होती?" मी विचारलं.

"असणारच."

"आणि त्याच्या आधीही?"

"बहुधा."

ठेंगणी यंत्र पुसत होती. तिचा हात थांबला. म्हणजे वेड्यासारखी तेलाचा वास घेऊन उभी राहिले होते ते वेडेपण नव्हतं. दार उघडं होतं. आणि उघड्या दारात इतकी वर्षं कोणी आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि डावीकडच्या त्या पाण्याने त्याला टिकू दिलं नव्हतं, मला न कळता. कधी एक दिवस उशीर, कधी दोन. मी ते दिवस कधी मोजले नव्हते. आता मोजू नये, असं मी स्वतःला सांगितलं, आणि कपडे घालताना मोजतच होते.

नवरा दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा होता. मला बघून त्याने चालायची गती वाढवली आणि मग एकदम कमी केली.

"सांग," तो म्हणाला.

"उजवी उघडी आहे. डोळ्यांनी बघितली मी."

तो तिथेच बाकावर बसला. दोन्ही हात तोंडावर घेतले. या माणसाला मी त्याचे वडील गेले तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. टपरीवाल्याने न विचारता दोन चहा ठेवले. नवऱ्याने डोळे पुसले, नाक पुसलं आणि हसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बघवेना.

"म्हणजे तू त्या दिवशी खोटं बोलली असतीस तर," तो म्हणाला. "म्हणजे खरंच असतं कोणी तर." त्याने खिशातून फोन काढला. "आईला फोन करतो. बिचारी देवासमोर बसली असेल."

"कर," मी म्हटलं.

त्याने फोन लावला. पलीकडे सासूबाईंचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होता. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, परत सांग, एक उघडी म्हणजे बास झाली की रे, देवाने दोन नाकपुड्या दिल्यात, एकीने पण श्वास घेता येतो. तो हसत होता, हो हो म्हणत होता. त्याने एका हाताने चहाचा पेला माझ्याकडे सरकवला. पोटात कळा येत होत्या, खांदा ठणकत होता, आणि मला परत झोप येत होती.

डावीचं त्याने विचारलंच नाही. त्याला वाटलं असेल, एक उघडी म्हणजे दुसरी बंद, तेवढंच. त्याला ऑपरेशन कळलं नव्हतं, पाणी कळलं नव्हतं. ते मागचे उशिराचे दिवसही त्याला कळले नव्हते. ते दिवस मी त्याला कधी सांगणार नाही, हे मी तिथे बसल्याबसल्या ठरवलं. बाकीचं सांगावं लागणार होतं.

तो अजून आईशी बोलत होता. मी चहाचा एक घोट घेतला आणि त्याचं बोलणं संपायची वाट बघत राहिले. घाई नव्हती. त्याला जितका वेळ बोलायचं असेल तितका वेळ बोलू दे म्हटलं.